अरुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमधील चहाचे किटण आणि न जाणारा वास

झुआरीकाठ · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पाऊण लिटरचा स्टीलचा थर्मास आहे. त्याचे तोंड इतके अरुंद आहे की आत दोन बोटे जेमतेम जातात. यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात आणि रात्रपाळीला जाताना आले घातलेला दुधाचा चहा घेऊन जातात. रात्री साडेनऊला भरलेला थर्मास सकाळी आठनंतर घरी येतो, तोवर तळाशी दोन घोट चहा शिल्लक असतो आणि बूच घट्ट लावलेले असते.

गेल्या चार-पाच महिन्यांत आतून तपकिरी थर चढला आहे. मोबाईलचा उजेड आत सोडला की तळ दिसतच नाही, आणि नुसते कढत पाणी भरले तरी अर्ध्या तासात त्या पाण्याला शिळ्या दुधासारखा आंबूस वास येतो. भांडी घासण्याचा द्रव आणि बाटलीचा ब्रश रोज वापरते. ब्रशाने मधला भाग थोडा उजळतो, पण गळ्याखालच्या वळणावर तो पोहोचत नाही. तांदूळ आणि जाडे मीठ घालून हलवून पाहिले, एकदा तर ते पाण्यासह रात्रभर तसेच ठेवले. काल खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून बूच लावून हलवले, तेव्हा बूच उडून भिंतीवर आदळले आणि थर मात्र होता तसाच राहिला. हा थर नेमका कशाने निघतो आणि वास कोठून येतो, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? थर्मास चांगला आहे, अजून दहा तास चहा गरम ठेवतो, म्हणून टाकून द्यावासा वाटत नाही.

भिरंडसाल · सोमवार, रात्री १०.१५

ताई, आपल्याकडे यासाठी बाजारातून काहीही आणण्याची गरज नाही. परसात बिंबलीचे झाड असेल तर आठ-दहा बिंबल्या ठेचून कोमट पाण्याबरोबर थर्मासमध्ये घाला आणि दोन तास ठेवा. बिंबल्या नसतील तर भिरंडीची साले चालतात. आमच्या आजीने देवाची उपकरणी, समया, तांब्याचा हंडा, सगळे आयुष्यभर यानेच लख्ख ठेवले. आंबट पदार्थ डाग खातो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. व्हिनेगरनेही व्हायला हवे होते, पण तुम्ही त्यात सोडा मिसळलात, तेथे चूक झाली असे मला वाटते.

जुना_डेअरीवाला · मंगळवार, सकाळी ६.५०

झुआरीकाठ ताई, मी सत्तावीस वर्षे दूध-प्रक्रियेच्या कामात होतो आणि त्यातील बराच काळ स्टीलच्या नळ्या व टाक्या आतून धुण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या नळ्यांतही हात जात नाही, ब्रश जात नाही, म्हणून तेथे घासण्यावर नव्हे, तर योग्य द्रव योग्य क्रमाने आणि पुरेसा गरम फिरवण्यावर सारे अवलंबून असते. तुमचा थर्मास म्हणजे अशाच नळीचा एक तुकडा समजा.

तुमच्या थरात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. चहातील तुरट द्रव्ये हवेशी संयोग पावून गडद होतात आणि स्टीलला चिकटतात; त्यांच्यावर दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने बसतात; दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा चहाचा हात फिरतो. अशी शंभर-सव्वाशे पुटे तुमच्याकडे चढलेली आहेत. स्निग्धांश आणि प्रथिने अल्कलीने, म्हणजे सोड्याच्या गरम द्रावणाने सैल होतात. चहाचा रंग त्याने काही अंशी निघतो, पण पूर्ण निघण्यासाठी त्यावर ऑक्सिजन सोडणारे द्रव्य लागते. आम्लाने यांपैकी काहीच होत नाही. उलट, दुधात लिंबू पिळल्यावर जे होते तेच या थरातील प्रथिनांचे होते. ती आखडतात आणि अधिक घट्ट बसतात. म्हणून डेअरीत आधी अल्कली, मग स्वच्छ पाणी आणि त्यानंतर गरज असेल तरच आम्ल, असा क्रम ठरलेला असतो. उलटा क्रम केला की नळी पुन्हा धुवावी लागते.

भिरंडसाल, तुमच्या आजींचे ज्ञान खोटे नाही. तांब्या-पितळेवरचे काळे आणि हिरवट पुट आम्लानेच जाते. चहाचे किटण मात्र त्या जातीचे नाही. आणि सोडा व व्हिनेगर यांचा फेस दिसायला जोरदार असला, तरी तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांचा जोर संपवल्याची खूण असते. फेस ओसरल्यावर जवळपास खारट पाणी उरते, आणि बंद बाटलीत वायूचा दाब वाढून बूच उडते. ते बूच डोळ्याला लागले नाही, हे फार चांगले झाले.

आता कृती सांगतो. सोडियम परकार्बोनेट नावाची पांढरी भुकटी मिळते; कपड्यांचे डाग काढण्यासाठी ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून ती विकली जाते. सुगंध आणि रंग नसलेली, नुसती भुकटीच घ्या. पाऊण लिटरच्या थर्मासला दीड लहान चमचा, म्हणजे सात-आठ ग्रॅम पुरे. थर्मास बेसिनमध्ये उभा ठेवा, भुकटी आत घाला, पाणी उकळून पाच-सात मिनिटे थांबा आणि मग ते थोडे थोडे ओता, कारण थर जुना असेल तर फेस वर येऊन बाहेर सांडतो. फेस बसला की पाणी अगदी काठापर्यंत भरा. काठापर्यंत भरण्यावर माझा भर आहे, कारण जेथे द्रावण पोहोचत नाही तेथील थर तसाच राहतो आणि तुमची अडचण नेमकी गळ्याखालच्या वळणावर आहे. थर्मास द्रावणाला तासभर गरम ठेवतो, म्हणून हे काम साध्या बाटलीपेक्षा थर्मासमध्येच अधिक चांगले होते.

बूच मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नका, सैलसुद्धा नाही. या भुकटीच्या एका लहान चमच्यातून सुमारे अर्धा लिटर ऑक्सिजन सुटतो. बंद थर्मासमध्ये त्याला जायला जागा नसते. तासाने ओतून द्या, साध्या पाण्याने चार वेळा खळबळून घ्या आणि उजेडात आत पाहा. हातमोजे घाला, कारण गरम द्रावण कातडी कोरडी करते.

भुकटी मिळेपर्यंत थांबायचे नसेल, तर धुण्याचा सोडा एक भरलेला लहान चमचा आणि औषधांच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड दोन मोठे चमचे, एवढे त्याच गरम पाण्यात घातले तरी जवळपास तेच द्रावण तयार होते. आपल्याकडे दुकानात मिळते ते साधारण सहा टक्क्यांचे असते. बाटलीवर वाचून घ्या. ही मिसळ करून ठेवण्याजोगी नाही, काही तासांत तिचा जोर जातो.

एक विनंती. मिठाचे पाणी पुन्हा रात्रभर ठेवू नका. स्टीलला गंज धरत नाही असे आपण म्हणतो, पण मिठातील क्लोराइड बराच काळ एका जागी राहिले तर त्यावर बारीक खड्डे पडतात आणि ते खड्डे कशानेही भरून येत नाहीत.

फोंडेकर · मंगळवार, दुपारी १.०५

काका, मग कपड्यांचे साधे द्रवरूप ब्लीच का चालणार नाही? आमच्या कामाच्या ठिकाणी पेल्यांचे चहाचे डाग त्यानेच काढतात आणि पाच मिनिटांत पांढरे शुभ्र होतात.

जुना_डेअरीवाला · मंगळवार, दुपारी २.२०

ते पेले चिनी मातीचे असणार, आणि त्यांवर ते चालते. ते क्लोरीनचे ब्लीच असते आणि स्टीलला त्याचा धोका मिठापेक्षा जास्त. थर्मासची आतली भिंत पातळ पत्र्याची असते; तिला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी दोन भिंतींमधली पोकळी निकामी होते आणि त्यानंतर तो थर्मास केवळ बाटली म्हणून उरतो. बाहेरून हात लावल्यावर पत्रा गरम लागू लागला, तर असे झाले आहे असे समजावे.

वाळपईची_विहीर · मंगळवार, रात्री ८.३०

माझीही हीच अडचण आहे, म्हणून येथेच लिहिते. माझी एक लिटरची स्टीलची पाण्याची बाटली आहे, तोंड अरुंदच आहे. आत तपकिरी थर आहे, पण तो नारिंगीकडे झुकणारा आहे आणि बोट फिरवले तर बोटाला हळदीसारखी पूड लागते. मी काकांचा संदेश वाचून आजच धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड यांचा प्रयोग केला. फेस आला, तासभर ठेवले, आणि थर मुळीच हलला नाही. माझ्या बाटलीत चहा कधीच भरलेला नाही, केवळ विहिरीचे पाणी असते. मग हा चहाचा थर आला कोठून, आणि सोड्याने तो जात कसा नाही?

जुना_डेअरीवाला · मंगळवार, रात्री ९.१०

तुमचा थर चहाचा नाहीच, ताई. तुमच्या विहिरीचे पाणी उपसल्यावर स्वच्छ दिसते आणि कळशीत रात्रभर ठेवले की सकाळी तळाशी पिवळसर गाळ बसतो, असे होते का? तसे असेल तर पाण्यात लोह आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीतील पाणी बहुधा मऊ असते, त्यामुळे पांढरा चुन्याचा थर फारसा चढत नाही, पण काही विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. हवा लागली की ते गंजाच्या रूपाने बाहेर पडते आणि भांड्याला धरते. त्याच पाण्याचा चहा केलात तर तो काळपट होतो, हेही पाहून घ्या.

दोन्ही थर तपकिरी दिसतात म्हणून घोटाळा होतो. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. माडाच्या झाडूच्या दोन हिरांना टोकाशी घट्ट कापूस गुंडाळा. एक हीर लिंबाच्या रसात आणि दुसरा खायच्या सोड्याच्या घट्ट लगद्यात बुडवून, गळ्याच्या आतल्या बाजूस, जेथे नजर पोहोचते तेथे, शेजारी शेजारी अर्धा मिनिट घासा. सोड्याच्या कापसावर चहाचा रंग उतरला तर थर चहाचा आहे. लिंबाच्या कापसावर गंजाचा रंग उतरला आणि खाली पांढरी धातू दिसली तर थर लोहाचा आहे. सोड्याने अर्धवट आणि लिंबानेही अर्धवट निघाला, तर दोन्ही आहेत. मग आधी सोड्याची फेरी, स्वच्छ धुणे आणि नंतर आम्लाची फेरी करावी. कशानेच न हलणारे बारीक काळे ठिपके दिसले तर ते पत्र्यातले खड्डे समजावेत.

तुम्हाला आम्ल हवे. लिंबूसत्त्व एक लहान चमचा अर्ध्या लिटर गरम पाण्याला, या प्रमाणाने बाटली काठोकाठ भरा आणि तासभर ठेवा. आज वापरलेला सोडा आधी नीट धुवून काढा, नाहीतर दोघे पुन्हा एकमेकांना खाऊन टाकतील. भिरंडसाल यांची बिंबली येथे खरोखर कामाला येते, कारण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते गंज चांगला विरघळवते. पण चोथा अरुंद गळ्यातून बाहेर काढणे कठीण जाते, म्हणून रस गाळून घ्या आणि नंतर बाटली अनेकदा धुवा.

भिरंडसाल · मंगळवार, रात्री ९.४५

हे वाचून समाधान वाटले. माझ्या आजोळची विहीरही साखळीच्या बाजूची, आणि तेथल्या कळशीला असाच तांबूस थर येत असे. म्हणजे बिंबलीचा गुण आम्ही त्या थरावर पाहिला होता आणि मी तो चहाच्या थराला लावला. तरीही एक विचारतो. चहाची किटली आतून काळी झाली की तिच्यातला चहा अधिक चांगला लागतो, असे आमच्याकडे मानतात. मग थोडे किटण राहिले तर बिघडले कोठे?

गाडेवाला_म्हापसा · बुधवार, पहाटे ५.३०

मी चहाचा गाडा चालवतो, म्हणून यावर अधिकाराने लिहितो. कोऱ्या चहाची किटली असेल तर थोडे किटण राहिले तरी चालते, मी ते मान्य करतो. दुधाच्या चहाचे तसे नाही. तो थर दूध धरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गरम चहा पडला की त्याचा वास वर येतो. माझ्याकडे तीन मोठे स्टीलचे थर्मास आहेत, आणि मी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी त्यांत भरून दोन तास ठेवतो. पेरॉक्साइड मी कधी वापरले नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही, कारण मी थर जुना होऊच देत नाही. थर्मास रिकामा झाला की त्याच क्षणी, घरी नेण्याची वाट न पाहता, पेलाभर गरम पाणी घालून खळबळून ओतून देतो. ओला चहा पाण्याने जातो. वाळलेल्या चहाला मग औषध लागते. ताई, तुमच्या यजमानांनी पाळी सुटताना एवढे केले, तरी अर्धे काम झाले.

तांदळाबद्दल सांगतो. मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडे कोमट पाणी घालून हलवणे ही चांगली रीत आहे, पण सोड्याच्या आंघोळीनंतर, थर सैल झाल्यावर. आधी हलवले तर तांदूळ कडक थरावरून नुसते घसरतात. मिठाची जरूर नाही. आणि दोरी बांधून तारेची घासणी आत सोडण्याचा उद्योग कोणी करू नये. माझ्या एका थर्मासमध्ये तिचा तुकडा गळ्याखाली अडकून राहिला आणि आठ दिवसांत तेथे गंजाचा डाग पडला.

झुआरीकाठ · शुक्रवार, रात्री १०.००

सर्वांचे मनापासून आभार. केलेले सर्व सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांना अशीच अडचण आहे त्यांना उपयोग होईल.

काकांनी सांगितलेली हिरांची परीक्षा बुधवारी सकाळी केली. लिंबाचा कापूस जवळपास पांढराच राहिला आणि सोड्याचा कापूस दाट चहाच्या रंगाचा झाला. आमच्याकडे नळाचे पाणी आहे, त्यामुळे लोहाची शंका तशीही कमीच होती. भुकटी फोंड्यात दोन दुकानांत मिळाली नाही, म्हणून धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड यांनी सुरुवात केली. पहिल्या खेपेस माझी एक चूक झाली. फेस वर येऊन सांडू लागला, त्या भीतीने मी थर्मास तीन चतुर्थांशच भरला. तासाने ओतले तेव्हा पाणी अक्षरशः कोऱ्या चहासारखे निघाले आणि आत पाहिले तर पाण्याच्या पातळीवर आखल्यासारखी रेघ उमटली होती: खाली चकचकीत पत्रा आणि वर तोच काळपट तपकिरी पट्टा. काकांनी काठावर भर का दिला, हे त्या रेघेने मला दाखवून दिले.

दुसऱ्या खेपेस फेस बसेपर्यंत थांबत थांबत काठापर्यंत भरले. तासाने वरचा पट्टाही बराच सुटला आणि मग गाडेवाले भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मूठभर तांदूळ व कोमट पाणी घालून, तोंडावर तळहात धरून हलवले. गळ्याखालच्या वळणावरचे उरलेले पापुद्रे तांदळांबरोबर बाहेर आले. तांदूळ फिकट तपकिरी झाले होते. आता मोबाईलच्या उजेडात तळावरची गोल वळ्यांची नक्षी दिसते, ती गेल्या कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. मिठामुळे पडलेले ठिपके कोठे दिसले नाहीत.

आता राहिली गोष्ट वासाची. थर गेल्यावर वासही जाईल असे मी धरून चालले होते, आणि तो कमी झालाही, पण गेला नाही. म्हणून एक वेगळी परीक्षा केली. थर्मासमध्ये गरम पाणी भरून बूच न लावता वर बशी ठेवली, आणि बूच वेगळ्या वाटीतल्या गरम पाण्यात टाकले. अर्ध्या तासाने थर्मासमधल्या पाण्याला काही वास नव्हता, आणि वाटीतल्या पाण्याला तोच आंबूस वास होता, अधिकच तीव्र. बुचाच्या खालच्या बाजूचा वायसर चमच्याच्या बोथट दांड्याने उचलून काढला, तर त्याच्या खाचेत पिवळट, लोण्यासारखा चिकट थर आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके होते. पाच महिने मी बूच रोज धुवत होते, पण वायसर निघतो हे मला ठाऊकच नव्हते.

जुना_डेअरीवाला · शनिवार, सकाळी ७.१५

ताई, तुम्ही जी परीक्षा केलीत ती मी सांगायला हवी होती, मी थराच्या नादात विसरलो. स्टील स्वतः वास धरत नाही. वास राहतो तो थरात, वायसरमध्ये आणि बुचाच्या आट्यांत. वायसर व बूच दोन्ही वेगळे करून, भांडी घासण्याच्या द्रवाने आणि जुन्या दातांच्या ब्रशाने खाच नीट घासा, मग तेच सोडा-पेरॉक्साइडचे द्रावण, पण कोमट, वाटीत घेऊन अर्धा तास त्यात ठेवा. बुचात दाबायची कळ असेल तर तीही दाबून तिच्यातून द्रावण जाऊ द्या. फार कढत पाणी नको, बुचाच्या प्लॅस्टिकचा आकार बदलला तर ते नीट बसत नाही आणि मग थर्मास गळतो.

पावसाळ्यात आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. हवेत दमटपणा इतका असतो की अरुंद गळ्याची बाटली उलटी ठेवली तरी आतली वाफ आतच राहते. मी एक युक्ती वापरतो. धुतल्यावर बाटली तारेच्या जाळीवर तासभर उलटी ठेवतो, मग सरळ करून स्वच्छ सुती कापडाची लांब पट्टी आत सोडतो, अशी की एक टोक तळाला टेकेल आणि दुसरे चार बोटे बाहेर लोंबेल. तळाशी साचलेला ओलावा पट्टी ओढून घेते. सकाळी पट्टी काढावी, ती धुवावी आणि थर्मास बूच न लावता ठेवावा. बूच आणि वायसरही वेगवेगळे वाळू द्यावेत.

वाळपईची_विहीर · शनिवार, दुपारी १२.४०

काका, लिंबूसत्त्वाने माझी बाटली एका तासात स्वच्छ झाली. ओतताना पाणी गंजासारखे पिवळे निघाले. विहिरीचे पाणी कळशीत ठेवून पाहिले, तळाशी खरोखर गाळ बसला. आता पाणी रात्रभर निवळून, गाळून मग बाटलीत भरते आहे. पाण्याची तपासणी करून घेण्याचे घरी ठरले आहे.

झुआरीकाठ · रविवार, सायंकाळी ६.२०

वायसर कोमट द्रावणात ठेवला. बुरशीचे ठिपके फिकट झाले, आंबूस वास पूर्ण गेला, पण आल्याचा वास सिलिकॉनमध्ये मुरला आहे आणि तो अजून येतो. दोन दिवस उन्हात ठेवून पाहीन, ऊन पडले तर. वायसर बदलूनच घ्यावा का, आणि त्या मापाचा वेगळा मिळतो का, हे कोणाला माहीत असल्यास सांगावे. माझ्या वायसरचा बाहेरचा व्यास साडेचार सेंटीमीटर आहे.

दुसरे म्हणजे, यजमानांना मी सुचवले की कोरा चहा थर्मासमध्ये न्यावा आणि दूध लहान डब्यात वेगळे. म्हणजे थरही कमी चढेल आणि वासही येणार नाही. त्यांना ते पटलेले नाही.

गाडेवाला_म्हापसा · रविवार, रात्री ९.००

त्यांना न पटणे मी समजू शकतो. दूध घालून उकळलेल्या चहाची चव वरून दूध घातलेल्या चहाला येत नाही, आणि दहा तास बाहेर राहिलेले दूध आपल्या हवेत नासण्याची भीती वेगळी. माझ्या मते चहा होता तसाच न्यावा, पण पाळीच्या पहिल्या चार-पाच तासांत संपवावा आणि लगेच थर्मास खळबळावा.

जुना_डेअरीवाला · सोमवार, सकाळी ६.४०

येथे माझे गाडेवाले भाऊंशी अर्धेच जुळते. लवकर संपवावा हे बरोबर आहे. पण घरी भरताना थर्मास आधी कढत पाण्याने पाच मिनिटे तापवून घ्यावा आणि चहा उकळता भरावा. दुधाचा पदार्थ साठ अंशांच्या वर राहतो तोवर चिंता नसते. त्याखाली उतरला की जिवाणूंना तो आवडू लागतो. ताईंचा थर्मास दहा तास ‘गरम’ ठेवतो म्हणजे नेमका किती, हे एकदा स्वयंपाकघरातील तापमापीने पहाटे दोनला मोजून पाहिले तरच कळेल. वायसरबद्दल एवढेच सांगतो, की आल्याचा वास सिलिकॉनमधून मला कधी पूर्ण काढता आलेला नाही. मी दर वर्षी-दीड वर्षाने वायसर बदलतो. माप साडेचार असले तरी जाडी आणि ओठाचा आकारही जुळावा लागतो, म्हणून जुना वायसर सोबत नेऊनच घ्या.

फोंडेकर · सोमवार, सकाळी १०.३०

ताई, फोंड्याच्या बाजारात प्रेशर कुकर आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांकडे अशा वायसरांचे डबे भरलेले असतात. माझ्या पाण्याच्या बाटलीचा तेथेच जुळवून मिळाला होता, मात्र तो खाण्याच्या वस्तूंसाठीचा सिलिकॉन आहे की साधा रबर, हे मला सांगता येणार नाही. घेताना वास घेऊन पाहा. रबराचा उग्र वास येत असेल तर घेऊ नका.

झुआरीकाठ · सोमवार, रात्री ९.५५

उद्या जुना वायसर घेऊन जाते. आज रात्री थर्मास तापवून, उकळता चहा भरून दिला आहे आणि पिशवीत पाण्याची एक लहान बाटली वेगळी ठेवली आहे, खळबळण्यासाठी.